सामाईक भिंतीला लागून पाया खोदायचाय? शेजाऱ्याला पत्र कसं लिहायचं, कधी द्यायचं आणि त्याआधी काय काय करायचं

अशी पत्रं साधारण दोनच प्रकारची बघायला मिळतात. एक असतं तीन ओळींचं, "आपल्या दोघांमधील भिंतीची दुरुस्ती करावयाची आहे, तरी सहकार्य करावे", आणि पायाचा त्यात उल्लेखच नाही. मग महिन्याभराने जेसीबी दारात उभा राहिला की शेजारी म्हणतो मला तर फक्त डागडुजी सांगितली होती, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच असतं. दुसरा प्रकार म्हणजे एकदम वकिलाची नोटीस, पंधरा दिवसांत संमती द्या नाहीतर. ती मिळाली की पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेली माणसं पण बोलायची बंद होतात.

खाली सगळं एकच उदाहरण धरून लिहिलंय म्हणजे आकडे डोक्यात राहतील. जुनं गावठाण, दोन घरांच्या मधे काळ्या दगडाची सामाईक भिंत, ४२ फूट लांब, ५ फूट उंच, सव्वा फूट जाड, मातीत बांधलेली आणि वरून कधीतरी सिमेंटचं पॉइंटिंग मारलेलं. आपण जुनं घर पाडून नवीन बांधतोय, भिंतीच्या लाइनला पाच कॉलम येणार. पलीकडे राहतात अण्णा, वय सत्तरच्या पुढे, मुलगा पुण्यात.

## १. भिंत नक्की कोणाची ते आधी बघा

सामाईक म्हणजे आपण म्हणतो म्हणून सामाईक नाही. प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढा, जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात त्यात भिंतीचा उल्लेख आहे का वाचा. कधीकधी स्पष्ट लिहिलेलं असतं की पूर्वेची भिंत निमेनिम. हद्द भिंतीच्या मधून जातेय की एका कडेने, हेच कळत नसेल तर भूमि अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका आणि मोजणी होईपर्यंत पत्रात भिंतीच्या मालकीबद्दल ठाम काही लिहू नका.

कार्डावर नावं किती आहेत तेही बघा. अण्णांचे भाऊ वारले असतील आणि वारसांची नावं लागलेली असतील तर पत्र फक्त अण्णांना देऊन भागत नाही, सगळ्या नावांना द्यावं लागतं. पलीकडे भाडेकरू राहत असेल तर मालकाला पत्र आणि भाडेकरूला त्याची प्रत, कारण अंगण वापरणारा तो असतो.

थांबा: हद्दीचा वाद आधीपासून धुमसत असेल तर तो या पत्रात घुसवू नका. "भिंत तुमच्याकडे सहा इंच सरकलेली आहे" हे वाक्य एकदा लिहिलं की दुरुस्ती बाजूला राहते आणि पुढची दोन वर्षं मोजणीत जातात. तो विषय वेगळा, त्याचा कागद वेगळा.

## २. भिंतीची तब्येत लिहून काढा

ही पायरी लोक सरळ उडी मारून पुढे जातात आणि नंतर भांडण इथेच होतं, की हा तडा आधीचा का खोदल्यानंतरचा.

भिंतीचे सहा-सहा फुटांचे पट्टे धरून प्रत्येकावर खडूने नंबर टाका, १ ते ७. प्रत्येक नंबरचा समोरून फोटो, टेप लावून. तडा असेल तर जवळून फोटो, बाजूला पट्टी धरून म्हणजे रुंदी दिसते. भिंतीला पोट आलंय असं वाटत असेल तर वरून ओळंबा सोडा आणि मधे किती फरक येतो ते मोजा. आपल्या उदाहरणात नंबर ३ आणि ४ च्या पट्ट्यांत मिळून, साधारण ११ फूट लांबीत, भिंत अण्णांच्या बाजूला अडीच इंच फुगलीये आणि तिथे हातोडीने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. म्हणजे आतली माती पावसाने वाहून गेलीये, बाहेरचे दोन पापुद्रे सुटे उभे आहेत. अशा जागी पॉइंटिंग म्हणजे नुसता मेकअप, तेवढा भाग उतरवून परत बांधावा लागतो. बाकीची भिंत सरळ आहे, दगड घट्ट आहेत, सांधे मात्र रिकामे झालेत आणि वरचं कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा थर, फुटलाय.

अण्णांच्या बाजूचे फोटो अण्णांना विचारून, त्यांच्यासमोरच काढा. आणि भिंतीजवळ त्यांचं स्वयंपाकघर किंवा मोरी असेल तर तिथल्या जुन्या तड्यांचेही काढू द्या म्हणून विनंती करा, कारण उद्या बोट तिकडेच दाखवलं जाणार.

## ३. ट्रायल पिट घ्या, मग कळेल किती जवळ आहात

भिंतीचा पाया किती खोल आहे हे वरून कोणालाच कळत नाही, गवंड्यालाही नाही. आपल्या बाजूने, भिंतीला लागून, दोन ठिकाणी हाताने दोन बाय दोनचा खड्डा घ्या, भिंतीच्या पायाचा तळ दिसेपर्यंत, त्याच्या खाली जायचं नाही. फोटो, माप, आणि त्याच दिवशी थराथराने धुमस करून खड्डा बुजवा. पावसाळ्यात किंवा जमीन ओली असताना हे करू नका. आणि पोट आलेल्या पट्ट्यासमोर तर अजिबात नको.

समजा तळ जमिनीपासून २ फुटांवर लागला. नवीन कॉलमच्या पायासाठी, म्हणजे फूटिंगसाठी, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत साडेपाच फूट जायचंय. फरक झाला साडेतीन फूट. आता साधा हिशोब असा की भिंतीच्या पायाच्या खालच्या कडेपासून तिरकी ४५ अंशाची रेघ खाली आपल्याकडे ओढायची. साडेतीन फूट खाली जायचं तर खड्ड्याची कड पण त्या पायापासून निदान साडेतीन फूट लांब हवी. आपल्या ड्रॉइंगमधे ती फक्त दोन फुटांवर आहे. म्हणजे आपण भिंतीचा आधार असलेली माती काढतोय. काळ्या मातीत किंवा भराव टाकलेल्या जागेत साडेतीन फुटावर पण निर्धास्त राहू नका, तिथे इंजिनिअरला विचारूनच अंतर ठरवा.

पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. भिंत आज उभी आहे ती आपल्या मातीच्या जिवावर पण उभी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळणं हा नैसर्गिक हक्क धरलेला आहे, आणि बांधकामाच्या वजनाला मिळणारा आधार वीस वर्षं विनातक्रार मिळत राहिला की त्याचाही हक्क तयार होऊ शकतो. जुन्या गावठाणातली भिंत वीस वर्षांच्या कितीतरी आधीची असते. तेव्हा "माझ्या जागेत मी कसंही खोदेन" हे वाक्य ना पत्रात लिहायचं ना पारावर बोलायचं.

तपासा: पुढे जायच्या आधी हातात हे असलं पाहिजे: नंबर टाकलेले फोटो, ट्रायल पिटचं माप, आणि इंजिनिअरने काढलेलं एका पानाचं स्केच ज्यात भिंत, तिचा पाया, नवीन खड्डा आणि मधलं अंतर दिसतंय. स्केच हाताने काढलेलं असलं तरी चालेल पण खाली इंजिनिअरची सही हवी.

## ४. कामाचा क्रम ठरवा, तोच पत्राचा कणा

पत्र लिहायला बसायच्या आधी हा क्रम कॉन्ट्रॅक्टरसोबत पक्का करा, कारण अण्णा पहिला प्रश्न हाच विचारणार की आधी काय आणि नंतर काय.

पहिलं काम पोट आलेला ११ फुटांचा पट्टा उतरवून बांधणं. दगड जुनेच वापरता येतात, फक्त मधे मधे भिंतीच्या पूर्ण जाडीत पोचणारे लांब दगड टाकून घ्या नाहीतर दोन पापुद्रे पुन्हा सुटे होतील. जमिनीलगत पाणी निघायला भोकं ठेवा. मग उरलेल्या ३१ फुटांचे सांधे पाऊण-एक इंच खरवडून, धुवून भरून घ्यायचे, दोन्ही बाजूंनी, आणि वर नवीन कोपिंग. नवीन कामावर किमान सात दिवस पाणी, आणि खोदाई त्यानंतर निदान तीन-चार आठवडे थांबून.

प्लास्टर मात्र आत्ता नाही. इथे बरेच जण उत्साहात दोन्ही बाजूंनी छान गिलावा करून रंग पण देऊन टाकतात. गिलाव्याने भिंतीला ताकद येत नाही, उलट खोदताना दगड हलले तर ते झाकून जातं आणि नंतर गिलावा तडकला की तो खर्च वाया. उघडी भिंत बोलते, काय होतंय ते दिसतं.

मग खड्डे. पाचही कॉलमचे खड्डे जेसीबीने एका सकाळी काढून मोकळं व्हायचं हा सगळ्यात मोठा धोका. या लाइनला मशीन नको, हाताने, आणि आधी कॉलम १, ३, ५. त्यांचं पीसीसी म्हणजे तळाचं साधं काँक्रीट झालं, फूटिंग झालं, कॉलम जमिनीच्या वर आला, खड्डा सहा-सहा इंचाच्या थराने पाणी मारून धुमसला, की मगच २ आणि ४. साडेपाच फूट खोल खड्ड्याच्या कडांना फळ्या आणि आडवे टेकू लागतातच, कारण दीड मीटरच्या पुढे मोकळ्या मातीत बिनआधाराचा खड्डा सुरक्षा नियमांत बसत नाही आणि खाली माणसं उतरणार असतात. निघालेली माती भिंतीला टेकवून ढीग लावायची नाही, ती दुसऱ्या बाजूला.

## ५. आधी तोंडी बोला, मग कागद

पत्र हातात पडून बातमी कळणं कोणालाच आवडत नाही. स्केच घेऊन अण्णांकडे जा, शक्य असेल तर मुलगा सुट्टीला आलेला असताना, कारण निर्णयाचा फोन शेवटी त्यालाच जाणार आहे. भिंतीजवळ उभं राहून दाखवा. त्यांच्या बाजूला काय काय हलवावं लागेल ते तिथेच विचारा: भिंतीला टेकलेला पत्रा, धुणं वाळत घालायची तार, कडीपत्ता, नळाची पाइप. त्यांनी सांगितलेली एखादी अडचण पत्रात जशीच्या तशी आली की पत्र परकं वाटत नाही.

पैशाचं पण याच वेळी. माझं मत असं की दोन खर्च वेगळे ठेवावेत. भिंत म्हातारी झाली म्हणून लागणारी दुरुस्ती निमेनिम मागायला हरकत नाही. पण खोदाईमुळे लागणारे टेकू, फळ्या, इंजिनिअरची फी हे शंभर टक्के आपलं, ते मागितलं तर पुढचं सगळं नासतं. आणि अण्णा म्हणाले आत्ता पैसे नाहीत, तर दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून टाका, त्यांना हप्त्याने द्या म्हणा किंवा सोडून द्या. भिंत पडली तर याच्या कितीतरी पट जाईल.

## ६. पत्र

आता लिहायचं. एक ते दीड पान, त्याहून मोठं नको. क्रम असा: भिंतीची आजची अवस्था, आपण काय खोदणार, आधी दुरुस्ती का, तुमच्याकडून काय हवंय, खर्च, नुकसान झालं तर काय, उत्तर कधीपर्यंत. नमुना:

> दि. २० ऑक्टोबर
>
> तीर्थस्वरूप अण्णा यांस,
>
> सा. न. वि. वि.
>
> विषय: आपल्या दोघांच्या घरांमधील भिंतीची दुरुस्ती आणि त्यानंतर माझ्या नवीन घराच्या पायाची खोदाई
>
> रविवारी आपलं भिंतीजवळ उभं राहून बोलणं झालं ते या पत्रात लिहून देत आहे.
>
> आपली मधली भिंत ४२ फूट लांब आहे. ३ व ४ नंबरच्या पट्ट्यांतला सुमारे ११ फुटांचा भाग तुमच्या बाजूला अडीच इंच फुगला आहे व आतून पोकळ झाला आहे. बाकी भागाचे सांधे रिकामे आहेत. फोटो सोबत जोडले आहेत, तुमच्या बाजूचे फोटो तुमच्यासमोर काढले आहेत.
>
> मी नवीन घरासाठी भिंतीच्या पायापासून २ फुटांवर साडेपाच फूट खोल असे पाच खड्डे घेणार आहे. भिंतीचा पाया फक्त २ फूट खोल आहे. म्हणून भिंत आधी दुरुस्त केल्याशिवाय मी खोदाई सुरू करणार नाही. इंजिनिअरचं स्केच जोडलं आहे.
>
> दुरुस्ती १० ते २५ नोव्हेंबर. खोदाई २६ डिसेंबरच्या आधी नाही. खड्डे हाताने, आधी तीन आणि ते भरल्यावर उरलेले दोन.
>
> दुरुस्तीच्या काळात गवंडी व दोन मजुरांना तुमच्या अंगणात सकाळी ९ ते संध्याकाळी ६ यायला परवानगी हवी आहे. कडीपत्त्याला धक्का लागणार नाही. पत्र्याची शेड चार दिवस काढावी लागेल, ती मी पुन्हा बसवून देईन. राडारोडा रोज संध्याकाळी उचलला जाईल. पट्टा उतरवलेला असताना रात्री उघडं राहू नये म्हणून पत्रे लावून देईन.
>
> दुरुस्तीचा अंदाज ३८,००० रुपये आहे, कोटेशन जोडलं आहे. निम्मे १९,००० आपण द्यावेत ही विनंती, सोयीने दिलेत तरी चालेल. टेकू, फळ्या व इंजिनिअरचा खर्च पूर्ण माझा.
>
> खोदाईमुळे भिंतीला किंवा तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला नवीन तडा गेला किंवा भिंत सरकली, तर ती मी माझ्या खर्चाने दुरुस्त करून देईन. सोबतच्या फोटोंत दिसणारे जुने तडे यात धरलेले नाहीत.
>
> तुमच्या ओळखीच्या इंजिनिअरला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा. काही बदल हवा असेल तर ३ नोव्हेंबरपर्यंत सांगा म्हणजे त्याप्रमाणे करता येईल.
>
> आपला,
> (सही, नाव, फोन)
>
> सोबत: फोटो १४, स्केच १, कोटेशन १

यात दोन जागा नीट बघा. एक, नुकसानीचं वाक्य. लोक भावनेच्या भरात "काहीही झाल्यास सर्व जबाबदारी माझी राहील" असं लिहून मोकळे होतात, मग अण्णांच्या गच्चीची गळती पण तुमच्याच नावावर. कशामुळे, कशाला, आणि काय सोडून, हे तिन्ही लिहा. दुसरी, खोदाईची खोली आणि अंतर. आकडे द्यायची भीती वाटते, शेजारी घाबरेल म्हणून, पण "थोडंसं खोदकाम" असं लिहिलेलं पत्र उद्या तुमच्याच विरुद्ध जातं.

करू नका: "उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल" ही ओळ. दुसऱ्याच्या अंगणात शिरायची परवानगी गप्प राहण्याने मिळत नाही. उत्तर नाही आलं तर परत जाऊन विचारायचं.

## ७. पत्र देणं आणि उत्तर घेणं

दोन प्रती काढा. एक अण्णांना हातात, दुसरीवर "मिळालं" लिहून सही आणि तारीख. त्याच दिवशी फोटो मुलाला व्हॉट्सअॅपवर. सही द्यायला नको म्हणाले तर वाद घालू नका, पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमधे विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट सांगायचं आणि पोच हवी म्हणून मागायची, पावती फाइलला.

उत्तर हो आलं तर पत्राच्याच प्रतीवर "वरील मजकूर मान्य" आणि कार्डावरच्या सगळ्यांच्या सह्या, एवढं बऱ्याच घरी पुरतं. रक्कम मोठी असेल किंवा वारस चार-पाच असतील तर स्टॅम्प पेपरवर समजुतीचा करार करा, आणि तो वकिलाच्या नजरेखालून घाला.

उत्तर नाही म्हणून आलं तर आधी नक्की कशाला नाही ते विचारा. बहुतेक वेळा पैशाला नाही असतं किंवा माणसं अंगणात यायला. पैशाचं वर सांगितलं. अंगणाचं असेल तर तुमच्या बाजूनेच जेवढी दुरुस्ती होते तेवढी करायची, आणि इंजिनिअरकडून कॉलमची लाइन आत सरकवून घ्यायची, आपल्या उदाहरणात दीड फूट आत गेलं की साडेतीन फुटांचं अंतर मिळतं. खोलीची रुंदी दीड फुटाने कमी होईल, पण कोर्टाच्या तारखांपेक्षा बरं. काळी माती असल्यामुळे हे अंतर पुरतंय का ते मात्र त्यालाच ठरवू द्या.

## ८. खोदाईच्या आधी दुसरी चिठ्ठी

मोठं पत्र दिलं म्हणून थेट कुदळ मारायची नाही. दुरुस्ती झाल्यावर दोघांनी मिळून भिंत बघा, त्याच सात नंबरांचे नवीन फोटो काढा, आणि खोदाईच्या चार-पाच दिवस आधी छोटी चिठ्ठी द्या:

> अण्णा, दुरुस्ती २४ नोव्हेंबरला पूर्ण झाली, आपण दोघांनी २५ ला पाहिली. खड्डा १, ३ व ५ ची खोदाई २६ डिसेंबरला सकाळी सुरू करतोय. भिंतीवर तीन ठिकाणी काचपट्ट्या लावल्या आहेत, तुम्हाला एखादी फुटलेली दिसली तर कितीही वाजता फोन करा.

काचपट्टी म्हणजे जुन्या तड्यावर आडवी पातळ काच, दोन्ही टोकं पीओपीने चिकटवलेली. तडा हलला की काच तडकते. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलची रेघ मारून मधलं अंतर तारखेसकट लिहून ठेवा, रोज सकाळी मोजा.

ताबडतोब थांबा जर: काच फुटली, कोपिंगची सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, खड्ड्याच्या भिंतीवरून माती सुटून भिंतीच्या पायाचे दगड उघडे पडले, किंवा अवकाळी पाऊस होऊन खड्ड्यात पाणी साठलं. पहिल्या तीन बाबतीत माणसं वर घ्या, अण्णांच्या घरच्यांना भिंतीजवळून लांब व्हायला सांगा, इंजिनिअरला फोन करा आणि तो म्हणेल तसा खड्डा वरूनच माती टाकून परत भरा. भिंतीला टेकू लावायच्या नादात खड्ड्यात कोणी उतरायचं नाही. पाणी साठलं असेल तर पंपाने काढून, कडा वाळल्यावर आणि इंजिनिअरने बघितल्यावरच पुन्हा आत.

२ आणि ४ नंबरचे खड्डे भरून झाले की काचपट्ट्या लगेच काढू नका, तो पावसाळा जाऊ द्या. काळी माती पहिल्या पावसाला फुगते आणि भिंत थोडी हलतेच. दसऱ्याच्या सुमारास अण्णांसोबत सातही नंबर एकदा परत बघा, काचा शाबूत असतील तर मग प्लास्टर आणि रंगाचं काम काढायचं.